वर ताप, खाली दलदल : जळगावच्या फ्लॅटमधल्या एका गांडूळ-टबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शहरापासून थोड्या अंतरावर माझा गांडूळखताचा छोटा धंदा आहे. खताबरोबर गांडूळंही विकतो. या प्रकरणातली गांडूळं माझ्याकडूनच गेली होती, म्हणून त्यातल्या एका चुकीचा धनी मी आहे. ती पुढे येईलच. कुटुंबाची ओळख बदलली आहे. सासूबाईंना आक्का म्हणू, सुनेला वैशाली.

जळगावात तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. माणसं चार. पश्चिमेकडे तोंड असलेली गॅलरी, तिच्यात तुळस, मोगरा आणि मिरचीच्या दोन कुंड्या. आक्का मूळच्या अमळनेरकडच्या, शेतात आयुष्य गेलेलं. भाजीची सालं कचऱ्याच्या गाडीत टाकणं त्यांच्या जिवावर यायचं. फेब्रुवारीत वैशाली माझ्याकडे आली आणि अर्धा किलो गांडूळं घेऊन गेली.

तिने साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद आणि तीस खोल असा झाकणाचा प्लॅस्टिक टब घेतला. बाजूला वरच्या अंगाला भोकं पाडली, तळाला आठ. तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी, तिच्यावर भिजवलेलं कोकोपीट, फाडलेला पुठ्ठा आणि माझ्याकडचं जुनं शेणखत. तिने विचारलं, "भाऊ, रोज किती घालू?" मी सवयीने सांगून टाकलं, "वजनाच्या निम्मं. अर्धा किलो गांडूळं म्हणजे पाव किलो खाणं."

हिशेब पुस्तकी होता आणि वस्तुस्थितीला सोडून होता. आमच्याकडे 'अर्धा किलो गांडूळं' म्हणून जी पिशवी जाते तिच्यात शेण असतं, गांडुळांच्या अंड्यांचे कोष असतात, पिल्लं असतात. निव्वळ गांडूळ त्यात दोनशे ग्रॅमच्या आसपास निघालं तरी खूप. शिवाय निम्म्या वजनाचं खाणं हे रुळलेल्या, सुखात असलेल्या गांडुळांचं माप आहे. नव्या घरात आलेल्यांना पहिले दोन आठवडे मूठभर खाणंही पुरतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून या टबात गांडुळांना झेपेल त्याच्या तिप्पट-चौपट माल पडत होता.

अडचण कशी दिसली

फेब्रुवारी आणि मार्च सुरळीत गेले. वास नाही, चिलटं थोडी. आक्का रोज झाकण उघडून बघायच्या आणि शेजारणींना दाखवायच्या. मला आता वाटतं, हेच दोन महिने फसवे होते. गांडूळं वरच्या चार बोटांत राहत होती, खात होती, आणि खालचं कुणी बघत नव्हतं.

एप्रिल लागला. दुपारी गॅलरीतल्या सावलीतही पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जायला लागला, वर पश्चिमेच्या झळा. टबातला वरचा थर सुकून पापडासारखा झाला. 'कोंडल्यासारखं होत असेल' म्हणून वैशालीने झाकण तिरकं ठेवायला सुरुवात केली. थर आणखी सुकला. मग आक्कांनी रोज संध्याकाळी एक पेला पाणी शिंपडायला सुरुवात केली. घरात टरबूज रोजचं झालं होतं, त्याची सालंही टबात जाऊ लागली.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी सातला फोन आला. आक्काच होत्या. "भाऊ, सम्दा पयी ग्यात!"

मी गेलो तेव्हा झाकणाच्या आतून आणि टबाच्या काठावर गांडुळांचे पुंजके चिकटले होते. दहाबारा फरशीवर वाळून दोऱ्यासारखी पडली होती. वरून हात लावला तर कोरडं. आक्कांचं म्हणणं सरळ होतं: पाणी कमी पडलं, म्हणून पळाली, आणखी घालायला हवं.

मी कोपऱ्यातून हात तळापर्यंत घातला आणि मूठभर माल वर काढून पिळला. बोटांमधून पाण्याची धार लागली. वास कुजलेल्या अंड्यासारखा.

नेमकं काय घडलं होतं

हा भाग सावकाश सांगतो, कारण बहुतेक टब इथेच मरतात.

सामानाला लावायचा हुकाचा वजनकाटा घरात होता. त्यावर टब टांगला तर तेवीस किलो भरला. पहिल्या दिवशी तो साधारण नऊ किलो होता. दोन महिन्यांत रोज पाव किलोप्रमाणे पंधरा किलो ओला कचरा आत गेला होता. भाजीच्या सालांत शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद भाग पाणीच असतं, टरबुजात त्याहून जास्त. म्हणजे नुसत्या खाण्यातून तेरा लिटरच्या आसपास पाणी आत गेलं. त्यात आक्कांचे वीस दिवसांचे वीस पेले, म्हणजे चार-पाच लिटर. बाहेर पडायला वाट कुठे होती? प्लॅस्टिकची भिंत पाझरत नाही. तळाची भोकं त्या वर्तमानपत्राच्या घडीने चिखल होऊन बुजवून टाकली होती. वाफ फक्त वरच्या थरातून जात होती, म्हणून तेवढाच थर सुकत होता.

मग थर्मामीटर लावला. मासे पाळणाऱ्यांकडे काचेचा साधा मिळतो, तो. दुपारी चारला उन्हाकडच्या भिंतीलगत अडतीस, मध्यभागी चार बोटं खाली छत्तीस, तळाशी तेहतीस.

कचरा खाणारी लाल गांडूळं, म्हणजे आयसेनिया फेटिडा, पंचवीसच्या आसपास खुशीत असतात. तिशीपुढे त्यांचं खाणं मंदावतं आणि पस्तिशीपुढे ती मरायला लागतात. उन्हाळ्यात ती आपोआप खाली थंडाव्याकडे जातात. इथे खाली थंडावा होता, पण हवा नव्हती. गांडूळ कातडीने श्वास घेतं. कातडी ओली हवी, पण त्या ओलाव्यात प्राणवायूही हवा. साचलेल्या, आंबलेल्या चिखलात तो नसतो. वर भाजत होतं, खाली गुदमरत होतं, म्हणून ती तिसऱ्या दिशेला, भिंतीवर चढली. आक्का वरून घालत होत्या ते पाणी कोरड्या थराला चाटून कडेने थेट तळाला जात होतं. उपाय म्हणून जे चाललं होतं तेच दुखणं वाढवत होतं.

मेलेली फारशी सापडली नाहीत. यावर वैशालीला वाटलं की बहुतेक जिवंत असतील. तसं नसतं. मेलेलं गांडूळ उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत विरघळून जातं. प्रेतं दिसत नाहीत, म्हणून मोजायची ती जिवंतच.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय आक्कांचा: सोडून द्या कुंडीत किंवा बिल्डिंगच्या बागेत. ही गांडूळं मातीत खोल राहणारी नव्हेत, शेणात आणि कुजलेल्या पाल्यात राहणारी आहेत. एप्रिलच्या तापलेल्या कुंडीत ती टिकली नसती.

दुसरा, जात बदलणं. आफ्रिकन म्हणून मिळणारं युड्रिलस गांडूळ उष्णता थोडी जास्त सोसतं आणि भराभर खातं. मी स्वतः ते ठेवतो. पण त्याला थंडी सोसत नाही, आणि जळगावच्या डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. शिवाय अडतीसला तेही मरतं. जात बदलून जागेची चूक सुटली नसती.

तिसरा, त्याच गॅलरीत बर्फाच्या बाटल्या ठेवणं. हा मी नाकारला. रोज दुपारी बाटली बदलायची आणि तिच्यावरचं पाणी पुन्हा आतच गळायचं. एक दिवस विसरलं की संपलं.

चौथा, टब घरात घेणं. वैशालीचे यजमान तयार नव्हते आणि त्या वासात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पाचवा पर्याय आक्कांच्या तोंडून सहज आला. स्वयंपाकघरात तडा गेलेला रुंद तोंडाचा माठ होता. "यात पाणी गार राहतं, तर गांडूळं नाही राहणार का?" खरं तर हे मला आधी सुचायला हवं होतं. आपल्याकडे उन्हाळा कोरडा असतो. कोरड्या हवेत ओली भिंत झपाट्याने वाफ सोडते आणि गार होते. कूलर चालतो तो याच जोरावर. आणि माठाची भिंत पाझरते, म्हणजे आतलं जास्तीचं पाणीही बाहेर काढते. प्लॅस्टिकमध्ये जी दोन दुखणी होती त्या दोन्हींवर माठ लागू पडत होता.

मी दोन्ही करायचं ठरवलं: निम्मी गांडूळं धुतलेल्या टबात, घरात, वास आला नाही तरच, निम्मी माठात, गॅलरीत. एक मेलं तर दुसरं बियाण्याला राहील.

काय केलं

संध्याकाळी गॅलरीत प्लॅस्टिकचं पोतं अंथरून टब रिकामा केला. मालाचे पाच-सहा छोटे ढीग केले आणि वर दिवा टांगला. गांडूळं उजेडाला भिऊन आत जातात. दहा मिनिटांनी वरचा थर हाताने काढायचा, पुन्हा थांबायचं. दीडदोन तासांत तळाशी गांडुळांचे गोळे उरले. वजन केलं तर जेमतेम ऐंशी ग्रॅम. काही बारीक, मण्यांच्या माळेसारखी गाठाळलेली होती. आंबट, कुजक्या मालात असं होतं आणि ती बहुधा वाचत नाहीत.

काढलेला चिखल फेकला नाही. त्यात कोष होते. दोन पोत्यांवर सावलीत पातळ पसरला, हवा लागू दिली, आणि दोन दिवसांनी वास गेल्यावर त्यातला थोडा नव्या अंथरणात मिसळला. मात्र टबाखाली साचलेलं काळं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. वैशाली ते 'व्हर्मीवॉश' म्हणून, म्हणजे गांडुळांचं पातळ खत समजून, मोगऱ्याला घालत होती. ते व्हर्मीवॉश नव्हे, कुजलेल्या कचऱ्याचं गळलेलं पाणी आहे, आणि मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागलीच होती.

नवं अंथरूण असं केलं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून, केळीची वाळलेली पानं कात्रीने चिरून आणि कोकोपीट, तिन्ही साधारण सारख्या मापाने. केळीची पानं माझ्या शेजारच्या मळ्यातून आणली. इकडे ती मागाल तेवढी मिळतात, आणि ओली झाली तरी एकमेकांना चिकटून गच्च बसत नाहीत, हवा राहते. कोकोपीट तीन पाण्यांनी धुतलं, कारण काही विटांमध्ये मीठ राहिलेलं असतं आणि गांडुळाच्या कातडीला मीठ म्हणजे विस्तव. सगळं रात्रभर भिजवून सकाळी पिळून घेतलं. जुनं शेण दोन ओंजळी, आणि त्यांच्या पोटातल्या दळणाला मूठभर बागेची माती. ताजं शेण घातलं नाही, ते तापतं.

टबात या वेळी तळाला वर्तमानपत्र नाही. विटांचे तुकडे, त्यावर बारदानाचा एक तुकडा, मग अंथरूण. भोकं मोकळी, टब दोन विटांवर उचललेला, खाली ताटली. तो आतल्या पॅसेजमध्ये, मोरीच्या भिंतीलगत ठेवला. तिथे दुपारी तीस अंश होतं. माठाच्या बुडाला एक भोक पाडलं, आत तेच अंथरूण, तोंडावर भिजवलेलं बारदान, बाहेरून दुसरं बारदान सुतळीने गुंडाळलं आणि गॅलरीच्या त्या कोपऱ्यात ठेवलं जिथे ऊन कधीच पोचत नाही.

खाण्याचे नियम वैशालीने फ्रिजवर चिकटवले. ते मी सांगितले तसे नव्हते, तिने तिच्या घरापुरते केले होते, म्हणून जास्त चांगले होते. पहिला आठवडा दोन्हीकडे मिळून रोज फक्त एक मूठ, चाळीसेक ग्रॅम. आधीचं संपल्याशिवाय नवीन नाही. जेवढं ओलं तेवढाच फाडलेला कोरडा पुठ्ठा बरोबर, आकाराने सारखा. केळीची सालं आधी रात्रभर फ्रीझरमध्ये. त्यामुळे सालीवर चिलटांनी घातलेली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर साल पाणी सोडते, म्हणून चाळणीत निथळूनच आत. टरबूज बंद. चहाचा चोथा धुऊन. भरीत, शेवभाजी, ठेचा, शिळी भाकरी यांतलं काहीही नाही. तेल, तिखट, मीठ यांतलं मीठ सर्वांत वाईट. लिंबाची सालं आणि कांदा-लसूण नाही.

पाण्याचा नियम एकच होता: वरून बघून पाणी घालायचं नाही. तळातून मूठभर काढून पिळायचं. एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पुठ्ठा. काहीच न येता मूठ उघडल्यावर भुगा सुटला तरच शिंपडायचं. आणि दर रविवारी टब वजनकाट्यावर. आठवड्याला जेवढं खाणं घातलं जवळजवळ तेवढंच वजन वाढत असेल, तर पाणी कोंडतंय.

आखाजीचे तीन दिवस

दहा दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. वैशाली मुलाला घेऊन शिरपूरला माहेरी, आक्का भाच्याकडे अमळनेरला, यजमान नोकरीच्या गावी. घराला कुलूप. जायच्या आदल्या रात्री वैशालीने विचारलं, तीन दिवसांचं खाणं एकदम घालून जाऊ का? मी नाही म्हटलं. गांडुळांना अंथरूणच खाण्याला आठवडाभर पुरतं. एकदम घातलेला ढीग मात्र आत तापतो आणि आंबतो. एवढं मला बरोबर सुचलं.

माठाचं बारदान मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. ते दिवसातून दोनदा मिळून दीड-दोन लिटर पाणी पीत होतं. ओलं असताना बाहेर त्रेचाळीस तर माठात एकोणतीस, असा आकडा आम्ही रोज टिपत होतो आणि खूश होतो. पाणी थांबल्यावर तोच पाझरणारा माठ आतला ओलावाही शोषून बाहेर टाकतो, हे डोक्यात आलं नाही. चौथ्या दिवशी माठात सुका भुगा होता आणि तळाला बोटभर ओलसर थरात आठ-दहा गांडूळं. पॅसेजमधला टब जसाच्या तसा होता.

आक्कांनी मला फक्त विचारलं, "तुमच्या मळ्यावर तुम्ही असं सोडून जातात का?" मी गप्प बसलो. मळ्यावर माझा माणूस असतो.

पुढे काय झालं

माठ पुन्हा भरला. सुकल्या भुग्यात कोष होते. कोष सुकेपणा बराच सोसतात. तो भुगा टबाच्या एका कोपऱ्यात ओलसर करून घातला आणि जून लागता लागता तिथे पांढरट, दोऱ्याएवढी पिल्लं दिसली. एका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात, त्यामुळे टबात उरलेल्या चाळीसेक ग्रॅमवरून संख्या उभी राहायला फार वेळ लागला नाही.

पावसाळ्यात गणित उलटलं. दमट हवेत बारदान गार करत नाही, नुसतं बुरसतं, म्हणून माठाचं ते काढलं. पाणी शिंपडणं जून ते सप्टेंबर जवळजवळ शून्यावर आलं आणि पुठ्ठा दीडपट झाला. काळी बारीक चिलटं एकदा वाढली. वरती दोन बोटं कोरडी केळीची पानं पसरल्यावर आणि खाणं उघडं न ठेवता दाबून घातल्यावर ती आठ-दहा दिवसांत कमी झाली.

ऑगस्टमध्ये पहिलं खत काढलं. तीन आठवडे खाणं फक्त डाव्या बाजूला घातलं, गांडूळं तिकडे सरकली, मग उजवी बाजू उपसून चाळली. साडेतीन किलो. कुंडीत एक भाग खत, तीन भाग माती. मोगरा सुधारला, पण त्याचं श्रेय खताला द्यावं की काळं पाणी बंद झालं त्याला, हे मी ठामपणे सांगणार नाही. आता टब रोज दीडशे ग्रॅमपर्यंत खातो. घराचा ओला कचरा त्याच्या तिप्पट आहे. उरलेला अजूनही गाडीतच जातो. एका टबात चार माणसांच्या घराचा सगळा कचरा बसत नाही, हे विकताना मी सांगितलं असतं तर पाव किलोचा आग्रह झालाच नसता.

कुठे वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी माझं. आता मी पिशवी देताना त्यातली गांडूळं वेगळी काढून तोलून दाखवतो आणि खाण्याचं माप त्या वजनावर सांगतो, तेही पहिले पंधरा दिवस त्याच्या पावपट. गिऱ्हाईक थोडं नाराज होतं, कारण पिशवी मोठी आणि आकडा लहान दिसतो.

दुसरं, सुरुवातीची वेळ. फेब्रुवारीत टब लावला की गांडुळांची संख्या उभी राहायच्या आत उन्हाळा येतो. खानदेशात पहिला टब लावायचा तर दिवाळीच्या आधी-मागे लावावा. मार्चपर्यंत पाच महिने मिळतात आणि वजन-ओलावा समजायला घरच्यांनाही तेवढे लागतात.

तिसरं, टब घरात घेण्याला नकार आला तेव्हा तो अंतिम मानायला नको होता. नकार वासाला होता, गांडुळांना नव्हता. वास गेल्यावर पॅसेजमध्ये तीन आठवडे तो टब आहे हे यजमानांच्या लक्षातही आलं नव्हतं. आक्कांनीच एका रात्री जेवताना सांगून टाकलं.

माठाबद्दल मात्र माझं आणि वैशालीचं जमत नाही. मी म्हणतो, रोज घरात माणूस असेल तरच माठ. ती म्हणते, माठाच्या तोंडाशी सलाइनच्या नळीने थेंब थेंब पाणी बारदानावर सोडलं तर चार दिवस सहज निघतील. नळी तिने आणून ठेवली आहे. यंदाच्या आखाजीला बघू.